सौर दिवस आणि नाक्षत्र दिवस

मध्यान्हीचा सूर्य पुन्हा मध्यान्ही येईपर्यंतचा काळ म्हणजे सौर दिवस. तो सरासरी 24 तासांचा असतो. एखादा तारा पुन्हा त्याच जागी यायला मात्र 23 तास 56 मिनिटे 4 सेकंद पुरतात. हा नाक्षत्र दिवस, आणि पृथ्वीची खरी गिरकी एवढ्याच वेळात पूर्ण होते. तेवढ्यात पृथ्वी सूर्याभोवती जवळपास एक अंश पुढे सरकलेली असते, म्हणून सूर्य समोर यायला तिला आणखी सुमारे चार मिनिटे वळावे लागते. त्यामुळे तारे रोज चार मिनिटे, महिन्याने दोन तास लवकर उगवतात. वर्षात सौर दिवस 365, तर गिरक्या 366 होतात.

हा एकाचा फरक इतर ग्रहांवर काय करतो, ते बुधावर पाहण्यासारखे आहे. त्याची गिरकी 58.6 दिवसांची, सूर्यप्रदक्षिणा 88 दिवसांची. म्हणजे एका प्रदक्षिणेत दीड गिरकी. त्यातून एक वजा केली की अर्धाच सौर दिवस उरतो, आणि पूर्ण सौर दिवसाला 176 दिवस, म्हणजे बुधाची दोन वर्षे लागतात! शुक्र उलटा फिरतो, त्यामुळे तिथे वजाबाकीऐवजी बेरीज करावी लागते: गिरकी 243 दिवसांची, वर्ष 225 दिवसांचे, पण सौर दिवस 117 दिवसांचाच. गुरूला प्रदक्षिणेसाठी जवळपास 12 वर्षे लागतात आणि गिरकी दहा तासांहून कमी. तिथे दोन्ही दिवसांत जेमतेम तीन-चार सेकंदांचे अंतर पडते.