फ्लोटरमध्ये मुलाची लस, चष्मा आणि दाढ बसते का?

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीतलं एक तरुण जोडपं फाइल घेऊन आलं. आम्ही नाशिकमध्ये द्वारकेला राहतो, काठे गल्लीच्या बाजूला. मी विमा विकत नाही, पण पॉलिसीचे बारीक अक्षरातले कागद वाचून द्यायचं काम इमारतीत बहुतेक वेळा माझ्याकडे येतं. दोघांचा आणि साडेपाच वर्षांच्या मुलाचा मिळून दहा लाखांचा फॅमिली फ्लोटर होता. फाइलमध्ये वर्षभराची बिलं नीट लावलेली होती. फ्लूची लस १,८०० रुपये, कांजिण्यांच्या लशीचा दुसरा डोस २,२००, डोळ्यांची तपासणी ६००, चष्मा २,९००, दुधाच्या दाढेचं रूट कॅनल आणि कॅप ६,५००. एकूण १४,००० रुपये.

"काकू, दहा लाखांतले चौदा हजारसुद्धा देत नाहीत म्हणजे काय?" तिचा प्रश्न रास्त होता. कंपनीचं उत्तर एका ओळीचं होतं, की ही ओपीडी आहे. ते बरोबरही होतं, पण त्याचं कारण त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं.

गैरसमज: मूल पॉलिसीत आहे, म्हणजे त्याचा सगळा दवाखाना पॉलिसीत आहे

फ्लोटर म्हणजे घरातल्या सगळ्यांसाठी मिळून एक रक्कम. दहा लाखांतले चार लाख वडिलांच्या ऑपरेशनला गेले, तर त्या वर्षी आई आणि मुलासाठी सहा उरतात. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. लक्षात राहत नाही ते हे, की ही रक्कम प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावर उघडते. साधारण अट चोवीस तास दाखल असण्याची असते. डे केअर उपचार हा त्याला अपवाद.

गोंधळ इथेच होतो. "दाढेचं कामही भूल देऊन, दिवसातच झालं, मग ते डे केअर का नाही?" असं त्यानेही विचारलं. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, डे केअरची व्याख्या ठरवून दिली आहे. एरवी चोवीस तासांहून जास्त दाखल करावं लागलं असतं, पण तंत्रज्ञान पुढे गेल्यामुळे कमी वेळात होतं, असे उपचार त्यात येतात. त्याच व्याख्येच्या शेवटी एक वाक्य आहे: जे उपचार एरवीही ओपीडीतच होतात ते यात धरायचे नाहीत. मोतीबिंदूसाठी पूर्वी रुग्ण दाखल राहत, म्हणून तो डे केअर. रूट कॅनल पूर्वीही खुर्चीतच व्हायचं आणि आजही होतं.

मग एक दिवस ॲडमिट दाखवायचं का? हा सल्ला त्यांना एका परिचिताने दिला होता. तो घेऊ नका. केवळ तपासण्यांसाठी दाखल होणं हे सगळ्या कंपन्यांना सारख्याच शब्दांत लागू असलेल्या वगळणुकींपैकी एक आहे. आणि नसलेला आजार कागदावर दाखवला तर ती फसवणूक ठरते. त्यातून पुढच्या खऱ्या दाव्यालाही धोका पोहोचतो.

गैरसमज: लसी तरी पॉलिसीत असतातच

बहुतेक पॉलिसींच्या वगळणुकीत लसीकरण स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यातही एक कामाची मेख आहे. अनेक ठिकाणी त्यापुढे "प्राणी चावल्यानंतरचे उपचार वगळून" असे शब्द असतात. म्हणजे कुत्रा चावल्यावरची लस या वगळणुकीत येत नाही. पण ती घ्यायला आपण दाखल होत नाही, ठरलेल्या दिवशी जाऊन टोचून घेतो. त्यामुळे पहिली अट पुन्हा आडवी येते, आणि जखम खोल असून मूल दाखल झालं तरच खर्च बसतो. काही पॉलिसींत चाव्याच्या लशीसाठी वेगळा छोटा लाभ असतो. आपल्या पॉलिसीत तो आहे का, एवढं पाहून ठेवा. चावा घेतल्यावर मात्र पॉलिसी शोधत बसू नका. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा.

नवजात बाळाची गोष्ट आणखी वेगळी. बहुतेक फ्लोटर बाळाला ९१ दिवसांनंतरच आत घेतात. जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी, मग सहाव्या आणि दहाव्या आठवड्याचे डोस, हे सगळं ७० दिवसांपर्यंत उरकलेलं असतं. त्या वेळी बाळ पॉलिसीत नसतंच. प्रसूती आणि नवजात संरक्षण घेतलेल्या काही पॉलिसी पहिल्या दिवसापासून बाळ घेतात, आणि त्यांतल्या काहींत पहिल्या वर्षाच्या लसींसाठी ठरावीक रक्कम असते. पण ते संरक्षण गर्भधारणेच्या पुष्कळ आधी घेतलेलं असावं लागतं.

आता ज्या कागदामुळे मी त्या जोडप्याला थांबवलं, तो कागद म्हणजे मुलाचं लसीकरण कार्ड. फ्लू आणि कांजिण्या या लसी सरकारी वेळापत्रकात नाहीत. त्या बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने, स्वतःच्या खर्चाने घ्याव्या लागतात, आणि त्या दोघांनी घेतल्याही होत्या. पण पाच ते सहा वर्षांदरम्यानचा डीपीटीचा दुसरा बूस्टर कोराच होता. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांविरुद्धचा हा डोस सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. दीड-दोन वर्षांच्या वयात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा पहिला बूस्टर झाला की पुढे तीन वर्षं कार्डात कुठली लस नसते. घराला वाटतं, लसी संपल्या. चार हजार रुपये लसींवर खर्च झाले, विमा कंपनीशी पत्रव्यवहार झाला, आणि फुकटची लस राहून गेली.

पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल, पोलिओची सुई या लसी खासगीत मिळून बऱ्याच महाग पडतात. महापालिकेच्या रुग्णालयांत आणि शहरी आरोग्य केंद्रांत त्या विनामूल्य आहेत. द्वारकेच्या लोकांना तर कथड्याचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय जवळच आहे. सरकारी लस हलकी असते, हा समज मला अजून शिकल्यासवरल्या घरांत ऐकू येतो. त्याला आधार नाही.

गैरसमज: डोळे आणि दात पूर्ण वगळलेले आहेत

हा उलट्या बाजूचा गैरसमज आहे आणि तो जास्त नुकसान करतो, कारण लोक मिळणारा दावाही मागत नाहीत.

डोळ्यांबाबत वगळणूक आहे ती चष्म्याच्या नंबरावरच्या उपचाराची. साडेसात डायऑप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च मिळत नाही. मुलांना हे कलम फारसं लागूच होत नाही, कारण नंबर घालवायची लेसर शस्त्रक्रिया अठरा वर्षांच्या आत सहसा करत नाहीत. चष्मा आणि तपासणी मिळत नाही, कारण ती ओपीडी आहे आणि चष्म्याची वस्तू वेगळी वगळलेली असते. पण दिवाळीत फटाक्याची ठिणगी डोळ्यात गेली, खेळताना खडा लागला आणि शस्त्रक्रिया करावी लागली, तर ती मिळते. अपघाताला पहिल्या तीस दिवसांची प्रतीक्षाही नसते. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेला मात्र आधी लेखी मंजुरी घ्या. काही कंपन्या तिला जन्मजात बाह्य दोष म्हणून नाकारतात. म्हणून तो जन्मापासून आहे की नंतर आला, हे नेत्रतज्ज्ञांच्या कागदावर स्पष्ट असायला हवं.

दातांचंही असंच. जुन्या पद्धतीच्या शब्दांत दंतउपचार फक्त अपघातामुळे आणि दाखल झाल्यास मिळतो. २०२० मध्ये आलेली आरोग्य संजीवनी ही प्रमाणित पॉलिसी थोडी उदार आहे. तिच्यात आजार किंवा दुखापत, दोन्हींमुळे लागणारा दंतउपचार धरलेला आहे, पण तोही रुग्णालयात दाखल होऊनच. झोपाळ्यावरून पडून जबडा मोडला आणि भूल देऊन तारा बांधल्या, तर दावा बसतो. त्याच पडण्यात पुढच्या दाताचा तुकडा उडाला आणि दवाखान्यात कॅप लावली, तर बसत नाही. अपघात तोच, फरक दाखल होण्याचा. (कायमचा दात मुळासकट निघाला तर तो मुळाला हात न लावता दुधात ठेवून तासाभरात दंतवैद्याकडे न्या, तो पुन्हा बसू शकतो. दुधाचा दात परत बसवत नाहीत.)

मग ओपीडीची जोड घ्यावी का?

त्यांना एजंटने ती सुचवली होती. आम्ही कागदावर मांडून पाहिलं. समजा, जोडीला वर्षाला ५,५०० रुपये जास्त पडतात आणि मर्यादा १०,००० आहे. पण आत लसींना २,००० आणि दातांना ४,००० अशी उपमर्यादा आहे, आणि चष्मा नाही. त्यांच्या बिलांतून लसींचे २,०००, दाढेचे ४,००० आणि डोळे तपासणीचे ६०० असे ६,६०० परत आले असते. हप्ता वजा जाता ११०० रुपयांचा फायदा, तोही दाढ किडलेल्या वर्षी. ज्या वर्षी दाढ नाही, त्या वर्षी हप्ताच जास्त. मुलं लहान आणि दवाखाना वारंवार असेल, तरच ही जोड परवडते. एरवी तेच पैसे बाजूला ठेवलेले बरे, असं माझं मत.

पॉलिसीतल्या "मोफत आरोग्य तपासणी"वरही फार भिस्त ठेवू नका. ती बहुधा प्रौढांसाठीच्या रक्त-लघवीच्या चाचण्यांची असते. जुन्या करप्रणालीत असाल तर कलम ८०डी खाली प्रतिबंधात्मक तपासणीचे वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत धरता येतात. त्यात अवलंबून असलेली मुलं येतात आणि पैसे रोख दिले तरी चालतात. मात्र ते विम्याच्या हप्त्यासह असलेल्या २५,००० च्या मर्यादेतच मोजतात.

डोळे-दात तपासणीची एक वाट सरकारनेच केलेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्यात फिरती पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांना एकदा तपासतात. दृष्टिदोष आणि दातांची कीड त्यांच्या यादीत आहे, आणि पुढे पाठवलेल्या मुलाचा उपचार मोफत असतो. विनाअनुदानित शाळेत मूल असेल तर हे पथक येत नाही, तपासणी आपणच करून घ्यायची. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या, ईएसआयसीचं कार्ड असलेल्या घरांना तर ओपीडीसुद्धा त्या कार्डावर मिळते, आणि पुष्कळांच्या ते गावीही नसतं.

त्या जोडप्याचे चौदा हजार परत आले नाहीत. डीपीटीचा बूस्टर मात्र पुढच्याच आठवड्यात झाला, एक रुपयाही न देता. सरकारी कार्यक्रमात हा डोस मुलाला सात वर्षं पूर्ण होण्याच्या आतच देतात. तुमच्या मुलाचं कार्ड आजच काढून तो रकाना बघा.