दोन भाकरी म्हणजे किती?

गावातल्या आरोग्य शिबिरात माझ्या वाट्याला वीस-पंचवीस मिनिटं येतात. रक्तदाब आणि साखर तपासायला बसलेल्या रांगेसमोरच बोलायचं असतं, त्यामुळे फळा, तक्ते, प्रोटीनचे धडे यांचा काही उपयोग होत नाही. मी बरोबर चारच वस्तू नेते: स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, एक परात, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण आणि तेलाची लहान बाटली. ज्वारीचं पीठ गावातच मिळतं. शाळेच्या व्हरांड्यात परात काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला की लोक आपोआप सरकून पुढे येतात.

पहिला प्रश्न नेहमी एकच: जेवणात किती भाकरी खाता? धुळे तालुक्यातल्या एका शिबिरात पन्नाशीच्या एका माऊलीनं लगेच सांगितलं, "दोनच भाकरी खास मी, ताई." तिची साखर वाढलेली होती, वजनही. तिच्या सांगण्यात तसूभर खोटं नव्हतं. तिला म्हटलं, "माय, एका भाकरीला घेतेस तेवढं पीठ या परातीत घाल." तिनं डब्यातून सवयीनं दोन मुठी घेतल्या, थोडं कमी वाटलं म्हणून वर अजून चिमूट टाकलं. काट्यावर आकडा आला १०८ ग्रॅम. मग शेजारी बसलेल्या तिच्या सुनेला तेच करायला सांगितलं. सुनेचे ६२ ग्रॅम भरले. एकाच घरातल्या, एकाच तव्यावरच्या दोन भाकरी, आणि दोघीही म्हणणार "दोनच खाते".

ज्वारी, बाजरी, गहू यांच्या पिठांतल्या उष्मांकांत फारसा फरक नाही. १०० ग्रॅमला साधारण ३३० ते ३५० किलोकॅलरी. तोंडी हिशेबाला सोपं म्हणून मी ग्रॅमाला साडेतीन धरते. म्हणजे सुनेची भाकरी २१५ च्या आसपास आणि सासूची ३७५ च्या आसपास. दोन-दोन खाल्ल्या तर फरक जवळजवळ सव्वातीनशेचा, आणि तोही फक्त एका वेळच्या जेवणाचा. "ज्वारीची आहे, मग चालते" हे वाक्य मला जळगाव-धुळ्यात फार ऐकायला मिळतं. ज्वारीत तंतुमय भाग जास्त असतो हे खरं आहे, पोटही बराच वेळ भरलेलं राहतं. पण भाकरी ज्वारीची असल्यानं तिचे उष्मांक कमी होत नाहीत.

इथे एक खुबी आहे आणि ती शिबिरात हाताळून दाखवावी लागते. वजन पिठाचं करायचं, भाजलेल्या भाकरीचं नाही. भाकरीत पाणी असतं, कोणाचं पीठ जास्त पाणी पितं, कोणाची भाकरी जास्त वेळ तव्यावर राहून सुकते. पाण्याला उष्मांक नाहीत, पण काट्यावर त्याचं वजन येतंच. त्यामुळे शिजलेल्या भाकरीच्या वजनावरून हिशेब केला की तो जास्तीकडे झुकतो. आकारमानावर तर अजिबात भरवसा ठेवायचा नाही. ताटाएवढी पातळ थापलेली भाकरी आणि तळहाताएवढी जाड भाकरी यांत पीठ सारखंच असू शकतं. कळण्याच्या भाकरीलाही हाच नियम. ज्वारीबरोबर दळलेल्या उडदामुळे प्रथिनं वाढतात, पण पीठ तेवढंच तर उष्मांकही जवळपास तेवढेच.

भाकरीचं गणित लोकांना लवकर पटतं, कारण ती डोळ्यांपुढे असते. तेलाचं पटवणं अवघड, आणि खानदेशात खरा हिशेब तिथेच आहे. शेवभाजीवर तर्री दिसली नाही तर भाजी झाली असं कोणी म्हणत नाही. ठेच्यावर वरून कच्चं शेंगदाणा तेल घेतात, वरण-बट्टीतली बट्टी तळून काढतात आणि वरून तूप सोडतात. तेल आणि तूप, दोन्हीला ग्रॅमाला नऊ किलोकॅलरी. पिठाच्या अडीचपट. म्हणून मी तेलाचं उदाहरण भरिताचं घेते, कारण भरीत सगळ्यांना भाजी वाटते.

थंडीत असोदा, भालोद, बामणोद परिसरातली मोठी हिरवी वांगी बाजारात आली की घरोघरी आणि शेताशेतात भरीत होतं. कपाशीच्या काड्यांवर वांगी खरपूस भाजायची, साल काढायची, बडगीत ठेचायची. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेल. या सगळ्यात वांग्याचा वाटा किती, हे एकदा मांडून बघितलं पाहिजे. पाच माणसांसाठी एक किलो वांगी घेतली तर त्यांत फार तर २५० किलोकॅलरी. ५० ग्रॅम शेंगदाण्याच्या पावणेतीनशे. पात, लसूण, मिरच्या, कोथिंबीर मिळून ५० धरू. आता तेल. शिबिरातल्या बायकांना मी विचारते की फोडणीला किती पळ्या घालता. उत्तर येतं, "चार-पाच असतील." मग त्यांच्याच पळीत पाणी भरून ते औषधाच्या झाकणानं मोजते. झाकणावर १० मिलिलिटरची रेघ असते. घरची मोठी पळी ३० मिलिलिटरची निघते. पाच पळ्या म्हणजे १५० मिलिलिटर, वजनानं साधारण १३७ ग्रॅम, आणि उष्मांक १२३० च्या आसपास.

बेरीज साधारण १८००, पाच जणांत वाटली तर माणशी ३६०. त्यातला दोन-तृतीयांशाहून जास्त भाग तेलाचा, आणि वांग्याचा जेमतेम पन्नास. तरी जेवणाऱ्याच्या डोळ्यांत भरतं ते वांगंच, कारण तेल त्यात मुरून जातं. ताटाकडे बघून वाट्यांनी अंदाज करणारी पद्धत इथे हमखास फसते. एक वाटी भरीत पाहून आहारतक्त्यातल्या "एक वाटी भाजी"चा आकडा लावला, तर आपण तेल धरतच नाही. त्यावर पुऱ्या असल्या तर तळणीचं तेल वेगळं.

हेच भरीत ५० मिलिलिटर तेलात केलं तर माणशी आकडा दोनशेच्या घरात येतो. चव बदलते, हे मी लपवत नाही. मिरच्या आणि शेंगदाणे तळायला तेल पुरावं म्हणून ते आधी अर्ध्या तेलात परतून घ्यायचे आणि उरलेली फोडणी शेवटी वरून द्यायची, तर खमंगपणा बराच टिकतो. वर्षातून दोनदा होणाऱ्या भरीत पार्टीसाठी मी कोणाला कात्री लावायला सांगत नाही. मला काळजी रोजच्या फोडणीची आहे.

रोजची फोडणी मोजायची कशी? दर भाजीला झाकण घेऊन बसणं कोणालाही जमत नाही, दोन दिवसांत सुटतं. त्यापेक्षा डबा बघावा. घरात १५ किलोचा तेलाचा डबा कधी फोडला आणि कधी संपला, एवढंच कॅलेंडरवर लिहायचं. मघाच्या माऊलीच्या घरी पाच माणसं, आणि डबा दोन महिने पुरायचा. १५ हजार ग्रॅमला ६० दिवसांनी भागलं की दिवसाला २५०, माणशी ५० ग्रॅम. म्हणजे नुसत्या तेलातून दिवसाला साडेचारशे किलोकॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं दोन हजार किलोकॅलरींचं जे नमुना ताट सांगितलं आहे, त्यात वरून घातलेलं तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम आहे. पाच जणांच्या घराला महिन्याला चार किलो. या हिशेबात थोडी गळती आहे: तळणीतलं उरलेलं तेल टाकलं जातं, पाहुणे येतात, लहान मुलं मोठ्यांएवढं खात नाहीत. तरीही दोन-तीन डब्यांच्या तारखांवरून निघणारी सरासरी ताटातल्या कुठल्याही अंदाजापेक्षा खरी असते, कारण त्यात कोणाच्या आठवणीवर विसंबावं लागत नाही.

डब्याच्या हिशेबावर मी थांबते, तेव्हा केळ्याचा प्रश्न येतोच. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि रावेर-यावलच्या पट्ट्यात ज्यांच्या घरी केळीची बाग आहे तेच मधुमेहामुळे केळं सोडून बसलेले असतात. सोललेल्या १०० ग्रॅम केळ्यात साधारण ११० किलोकॅलरी. भाजीत अर्धी पळी जास्त पडलेलं तेल याहून थोडं जास्तच होतं. मधुमेह असलेल्याला केळ्यातली साखर सोसते की नाही हे त्याच्या साखरेवर, औषधांवर आणि केळं किती पिकलं आहे यावर ठरतं. पण वजन वाढण्याचा दोष केळ्याला देऊन तर्रीला माफ करणं मला अन्यायाचं वाटतं.

आता ज्या गोष्टीबद्दल मी सर्वांत जास्त सावध असते ती. समोर बसलेल्या रांगेत सगळ्याच जाड नसतात. कापूस वेचायला, निंदायला जाणाऱ्या बाया असतात, घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्यात जेवणाऱ्या. बैठं काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण १६६० किलोकॅलरी पुरतात, तर तेवढ्याच वजनाच्या कष्टाचं काम करणारीला २७०० च्या वर लागतात. दोघींनाही "भाकरी लहान करा" हा एकच सल्ला दिला तर दुसरीचं नुकसानच होतं. म्हणून मी आधी कंबर आणि वजन बघायला सांगते. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत असेल, वजन उंचीला बेताचं असेल, तर पीठ मोजायची घाई नको. बारीक अंगाच्या, दिवसभर राबणाऱ्या बाईला मी उलट विचारते की वरणाची वाटी तिच्या वाट्याला येते का, आणि ती पातळ पाणी तर नाही ना.

ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी शिबिरातून घरी जाऊन दुसऱ्याच दिवशी भाकरी निम्मी करायची नाही. जेवण कमी झालं आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर एकदम खाली जाते: घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तसं झालं तर लगेच दोन-तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची आणि नंतर जेवायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठायचा. मघाच्या माऊलीला मी म्हणूनच एवढंच सांगितलं: आठवडाभर भाकरी नेहमीसारखीच कर, फक्त पीठ रोज काट्यावर घालून आकडा लिही, तेलाच्या डब्यावर तारीख टाक, आणि तो कागद घेऊन गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे जा. पीठ १०८ वरून ८० वर आणायचं की नाही आणि गोळी तेव्हा किती ठेवायची, हे दोन्ही निर्णय एकत्रच झाले पाहिजेत.