तीन टक्के की पंधरा टक्के? नैराश्याच्या चाळणी प्रश्नावल्यांचा मागोवा

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील देसवाल आणि पवार यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात पुण्यातील ३,०२३ प्रौढांच्या मुलाखतींवरून नैराश्याचे आयुष्यभरातील प्रमाण ३.१४ टक्के निघाले होते. त्यानंतर पाच वर्षांनी अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा तेथील सुरुवातीच्या पाहणीत सध्या नैराश्य असलेल्यांचे प्रमाण १४.६ टक्के नोंदले गेल्याचे दिसले. आयुष्यात कधीतरी नैराश्य आलेल्यांत सध्या नैराश्य असलेले आपोआप मोजले जातात, त्यामुळे पहिला आकडा वास्तविक मोठा असायला हवा होता. तो दुसऱ्याच्या पाव हिश्शाहूनही लहान निघाला. विदर्भातील शेतीची दैना लक्षात घेतली तरी एवढी तफावत तिच्या एकटीच्या माथी मारता येत नाही. गेल्या चार-पाच दशकांत नैराश्य मोजण्याची साधने कशी बदलत गेली, याचा मागोवा घेतल्यावरच या दोन आकड्यांचा अर्थ लागतो.

वस्तीत घरोघरी जाऊन मानसिक आजार शोधायचा, तर प्रत्येक घरी मनोविकारतज्ज्ञ पाठवणे परवडत नाही, आणि याच अडचणीतून चाळणी प्रश्नावली जन्माला आली. डेव्हिड गोल्डबर्ग यांची सामान्य आरोग्य प्रश्नावली १९७२ साली पुढे आली आणि तिची १२ प्रश्नांची छोटी आवृत्ती पुढे सर्वत्र वापरली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने विकसनशील देशांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी हो-नाही उत्तरांच्या २० प्रश्नांची यादी तयार केली. या दोन्ही साधनांचा हेतू मर्यादित होता. ज्यांची डॉक्टरांनी नीट तपासणी करावी अशी माणसे त्यांनी वेगळी काढायची होती, निदान करणे हे त्यांचे काम नव्हते.

२००१ साली क्रोंके, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी पीएचक्यू-९ या प्रश्नावलीची पारख प्रसिद्ध केली आणि हे चित्र पालटले, कारण तिचे नऊ प्रश्न अमेरिकी निदानपद्धतीतील नैराश्याच्या नऊ लक्षणांवर एकास एक बेतलेले होते. मागच्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही का, मन उदास राहिले का, झोप, थकवा, भूक, स्वतःविषयीची हीन भावना, एकाग्रता, हालचालींतील मंदपणा किंवा अस्वस्थता आणि शेवटी मरणाचे विचार, असा तो क्रम आहे. ‘अजिबात नाही’ला शून्य, ‘काही दिवस’ला एक, ‘निम्म्याहून अधिक दिवस’ला दोन आणि ‘जवळजवळ रोज’ला तीन गुण देऊन बेरीज करायची, म्हणजे ० ते २७ यांमधला एक अंक हाती येतो. १० किंवा त्याहून अधिक गुण मिळाले की ती व्यक्ती चाळणीत अडकली असे धरले जाते. मूळ अभ्यासात या सीमारेषेवर संवेदनशीलता ८८ टक्के आणि विशिष्टता ८८ टक्के आढळली. खरोखर नैराश्य असलेल्या १०० जणांपैकी किती जणांना साधन ओळखते, ती संवेदनशीलता. नैराश्य नसलेल्या १०० जणांपैकी किती जणांना ते बिनचूक बाजूला ठेवते, ती विशिष्टता.

दोन्ही आकडे चांगले दिसतात, पण घरोघरच्या पाहणीत त्यांचे काय होते, हे हिशेब मांडल्याशिवाय ध्यानात येत नाही. पुण्यातील महात्मा फुले मंडईच्या परिसरात, म्हणजे शुक्रवार पेठ आणि लगतच्या पेठांत, १,००० प्रौढांची पाहणी केली आणि त्यांच्यापैकी खरोखर ५० जणांना नैराश्य आहे, असे गृहीत धरू. ८८ टक्के संवेदनशीलतेने त्या ५० पैकी ४४ जण सापडतील आणि ६ निसटतील. उरलेल्या ९५० जणांपैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जण, नैराश्य नसतानाही चाळणीत अडकतील. अहवालात मात्र ४४ आणि ११४ मिळून १५८ जण दिसतील आणि ५ टक्क्यांचे प्रमाण १५.८ टक्के म्हणून छापले जाईल. अडकलेल्यांपैकी जेमतेम २८ टक्के खरे रुग्ण असतील. आजार जितका विरळ, तितका निरोगी माणसांचा गठ्ठा मोठा, आणि त्या गठ्ठ्यावर झालेली थोडीशी चूकही खऱ्या रुग्णांच्या संख्येला झाकून टाकते.

ही चूक नेमकी कशी घडते, ते प्रत्यक्ष उत्तरपत्रिकेत पाहता येते. मंडईत पहाटे माल उतरवणारा एखादा हमाल कल्पिला, तर झोप रोज मोडते म्हणून तीन गुण, थकवा रोजचाच म्हणून तीन, जेवणाच्या वेळा सांभाळता येत नसल्याने भुकेचे दोन, आणि एकाग्रता व मंदपणा यांचा प्रत्येकी एक, अशी त्याची बेरीज १० होते. उदासी आणि रस नसणे या दोन्ही प्रश्नांना त्याचे उत्तर ‘अजिबात नाही’ असले, तरी बेरजेच्या नियमाने तो नैराश्यग्रस्त ठरतो. याच प्रश्नावलीचा दुसरा, निदानासारखा नियम लावला, म्हणजे किमान पाच लक्षणे निम्म्याहून अधिक दिवस हवीत आणि त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक हवेच, तर तोच माणूस सुटतो. उलटपक्षी, सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना मनाविषयीच्या प्रश्नांना ‘नाही’ म्हणून मोकळी होणारी बाई खरी रुग्ण असूनही बेरजेतून निसटते. त्यात पाहणी घरांच्या यादीवरून होत असल्याने दिवसभर गाळ्यावर असणारा विक्रेता सर्वेक्षकाला भेटत नाही आणि कामाच्या जागीच झोपणारा परगावचा मजूर यादीतच नसतो.

प्रश्नावलीची पारख जेथे होते, ती जागाही महत्त्वाची असते. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रुग्णांवर पाच चाळणी प्रश्नावल्यांची एका सविस्तर मुलाखतीशी तुलना केली, आणि पाचही साधने कमीअधिक फरकाने रुग्ण व निरोगी यांना वेगळे करू शकतात असे दिसून आले. आपल्या भागातील भाषेत आणि माणसांत साधन तपासणे किती आवश्यक आहे, हे त्या कामातून कळते. तरीही केंद्रात दुखणे घेऊन आलेली माणसे आणि घरी बसलेली माणसे सारखी नसतात, त्यामुळे तेथे ठरलेली सीमारेषा आणि विशिष्टता जशीच्या तशी घरोघरच्या पाहणीला लावता येत नाही.

पुण्याच्या सर्वेक्षणाची वाट निराळी होती. तेथे जागतिक आरोग्य संघटनेची सीआयडीआय ३.० ही संपूर्ण आखीव मुलाखत वापरली गेली, जी प्रशिक्षित सर्वेक्षक घेऊ शकतो. तिच्यात सुरुवातीला उदासी, निराशा आणि रस नसणे यांविषयी मोजके प्रश्न असतात आणि त्यांपैकी एकालाही ‘हो’ आले तरच नैराश्याचा लांबलचक भाग उघडतो. खोट्या ‘हो’ला पुढच्या प्रश्नांत अडवण्याची सोय या रचनेत आहे, परंतु पहिल्या प्रश्नांना ‘नाही’ म्हणणारा कायमचा सुटतो. आयुष्यभरातील प्रसंग आठवून सांगायचे असल्याने जुने दुखणे विसरलेलाही सुटतो. म्हणून अशा मुलाखतीचा आकडा खाली झुकण्याकडे कल असतो, तर गुणांच्या बेरजेचा आकडा वर. त्याच मुलाखतीने पुदुच्चेरीत आयुष्यभरातील प्रमाण ९ टक्के निघाले होते, म्हणजे साधन एकच ठेवले तरी पुण्याच्या जवळजवळ तिप्पट.

पुदुच्चेरीच्या याच आकड्यांवरून २०११ साली मोठा गैरसमज झाला. ब्रोमेट आणि सहकाऱ्यांनी १८ देशांतील सुमारे ८९ हजार लोकांच्या मुलाखतींचा अहवाल प्रसिद्ध केला तेव्हा भारतात ३६ टक्के लोकांना तीव्र नैराश्य आहे, असे मथळे जगभर झळकले. वस्तुतः सुरुवातीच्या प्रश्नांपैकी एखाद्याला ‘हो’ म्हणणाऱ्यांपैकी ३५.९ टक्के लोक पुढे निदानाच्या कसोटीला उतरले होते. चाळणीच्या आतल्या लोकांचा छेद सगळ्या लोकसंख्येवर लावला गेला, आणि ९ टक्क्यांच्या जागी ३६ टक्के वाचले गेले.

२०१५-१६ साली निम्हान्सने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांतील सुमारे ३५ हजार प्रौढांची एका छोट्या निदान-मुलाखतीने पाहणी झाली आणि सध्याचे नैराश्य २.७ टक्के आढळले. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, त्यामुळे राज्याविषयी बोलताना हा आकडा उसना घ्यावा लागतो. याच सुमारास अमरावतीत वापरलेले साधन पीएचक्यू-९ होते आणि सीमारेषा १० ची. वरच्या हिशेबाप्रमाणे १४.६ टक्क्यांतून खोट्या नोंदी वजा करण्याचे एक सूत्र आहे: दिसलेल्या प्रमाणात विशिष्टता मिळवून एक वजा करायचा आणि त्याला संवेदनशीलता व विशिष्टता यांच्या बेरजेतून एक वजा करून भागायचे. दोन्ही ८८ टक्के धरल्यास खरे प्रमाण सुमारे ३.४ टक्के येते. विशिष्टता ९२ टक्के धरली तर ते ८ टक्क्यांच्या वर जाते आणि ८५ टक्के धरली तर उत्तर शून्याखाली उतरते. म्हणजे हे सूत्रही त्या विशिष्टतेच्याच भरवशावर उभे असते, आणि ती त्याच वस्तीत मोजलेली नसेल तर दुरुस्ती हा केवळ अंदाज ठरतो. अमरावतीत नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांसाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, हा त्या कार्यक्रमाचा मुख्य निष्कर्ष होता. मात्र त्याचा छेदही चाळणीत अडकलेल्यांचाच होता, आणि उपचारांची गरज नसलेले त्यात मिसळलेले असतील तर उपचारांतील दरी प्रत्यक्षाहून रुंद दिसते.

पुढे २०२० साली लेव्हिस आणि सहकाऱ्यांनी ४४ अभ्यासांतील ९ हजारांवर व्यक्तींची माहिती एकत्र केली, तेव्हा पीएचक्यू-९ च्या १० गुणांच्या सीमारेषेने २४.६ टक्के आणि त्याच व्यक्तींच्या निदान-मुलाखतीने १२.१ टक्के नैराश्य दाखवले. गुणांची बेरीज प्रमाण फुगवते, ही आधीपासून घेतली जाणारी हरकत या तुलनेने पक्की झाली.

सर्वांची चाळणी आणि काहींची मुलाखत अशी दोन टप्प्यांची पाहणी हा त्यावरचा जुनाच मार्ग आहे, पण तोही सहजसोपा नाही. वरच्या उदाहरणातील १५८ जणांची पूर्ण मुलाखत घेतली आणि सुटलेल्या ८४२ पैकी १०० जण निवडून तपासले, तर त्या शंभरांत खरा रुग्ण बहुधा एक मिळेल किंवा एकही मिळणार नाही. एक मिळाला तर तो ८.४२ जणांचा प्रतिनिधी म्हणून मोजला जातो आणि एकूण प्रमाण ५.२ टक्के येते. एकही न मिळाल्यास ते ४.४ टक्क्यांवर थांबते. निसटलेल्यांचा शोध एवढ्या थोड्या माणसांवर अवलंबून असल्याने दुसऱ्या टप्प्यातील नमुना मोठा ठेवणे भाग पडते, आणि खर्च वाचवण्यासाठी नेमका तोच प्रथम कापला जातो.

म्हणून पुण्याचे ३.१४ आणि अमरावतीचे १४.६ हे आकडे दोन वस्त्यांतील दुःखाची तुलना करण्यास उपयोगी पडत नाहीत. एकाच गावात, एकाच साधनाने आणि एकाच सीमारेषेने दोनदा घेतलेले गुण वाढले की घटले, हे सांगण्यास प्रश्नावली समर्थ असते, कारण तिची चूक दोन्ही वेळी बरीचशी सारखी राहते. किती खाटा, किती समुपदेशक आणि किती औषध लागेल, हे ठरवण्यासाठी मात्र तिची बेरीज रुग्णसंख्या म्हणून वापरली, तर तरतूद तिप्पट माणसांसाठी मागितली जाईल आणि निसटलेले सहा जण तरीही तिच्याबाहेरच राहतील.