‘hirvi paithni sari’ शोधल्यावर

दिवाळीच्या आधी साड्यांच्या एका ऑनलाइन दुकानात कुणी `hirvi paithni sari` असं लिहून शोध घेतला. दुकानात पैठण्या आहेत, पण त्यांची नोंद `Green Paithani Saree` या नावाने. पडद्यावर उमटतं, ‘काहीही सापडलं नाही’. गिऱ्हाईक निघून जातं, माल असूनही.

या तीन शब्दांची अडचण तीन प्रकारची आहे. `paithni`मध्ये फक्त एक अक्षर राहिलंय. फ्रेडरिक डॅमेराऊ यांनी १९६४ मध्ये दाखवून दिलं होतं की, शब्दलेखनाच्या ८० टक्क्यांहून अधिक चुका अशाच असतात: एक अक्षर गळलेलं, जास्तीचं, बदललेलं किंवा शेजारच्याशी अदलाबदल झालेलं. त्यामुळे ही चूक यंत्राला सहज ओळखता येते. `sari`चं `saree` करायला मात्र दोन बदल लागतात. इलॅस्टिकसर्चसारख्या शोधप्रणालीत तीन ते पाच अक्षरांच्या शब्दाला सहसा एकाच बदलाची मुभा असते. ती वाढवावीशी वाटते, पण छोट्या शब्दांत एका अक्षरानेही घोटाळा होतो. `tup` हवं असणाऱ्याला `cup` आणि `tub` दिसू लागतात. म्हणून `sari` आणि `saree` एकच, हे समानार्थी शब्दांच्या यादीत माणसानेच लिहून ठेवावं लागतं. `hirvi` म्हणजे `green` हेही तिथेच. अक्षरं कितीही मोजली तरी यंत्राला ते कळणार नाही. गिऱ्हाइकाने ‘हिरवी’ असं देवनागरीत लिहिलं, तर तोही शब्द त्याच यादीत हवा.

आता समजा, हिरव्या पैठण्या खरोखरच संपल्यात. तेव्हा पानाने ते स्पष्ट सांगावं, आणि लिहिलेले शब्द शोधचौकटीत तसेच राहू द्यावेत, म्हणजे पुन्हा टाइप करावं लागत नाही. मग एकेक शब्द वगळून पाहावा. कुठला वगळायचा, यात सगळी कसोटी आहे. रंग सोडला तर पैठणी उरते. पैठणी सोडली तर कुठलीही हिरवी साडी, आणि पैठणी शोधणाऱ्याला ती बहुधा नको असते. म्हणून आधी रंग सोडावा, ‘हिरवी’ या शब्दावर काट मारून दाखवावी आणि खाली लिहावं: ‘इतर रंगांच्या पैठण्या १४’. त्याखाली ‘हिरवी आली की कळवा’ असं बटण.

सुचवलेल्या प्रत्येक शब्दाला माल आहे ना, हे आधीच तपासलेलं हवं. सूचनेवर बोट ठेवलं आणि पुन्हा रिकामं पान आलं, तर तिसऱ्यांदा कुणी प्रयत्न करत नाही. कित्येक दुकानं या जागी ‘सर्वाधिक खप’ म्हणून भलत्याच वस्तू मांडतात. मला ते मुळीच पटत नाही. पैठणी मागणाऱ्यापुढे मोबाइलची कव्हरं ठेवली की आपलं म्हणणं कुणी ऐकलंच नाही असं त्याला वाटतं.

रिकाम्या हाती परतलेले हे शोध दुकानाकडे नोंदलेले असतात. दर आठवड्याला त्यांतले वारंवार आलेले पहिले वीस-पंचवीस वाचले, की समानार्थी यादीत काय घालायचं आणि कुठला माल मागवायचा, दोन्ही समजतं.