गरोदरपणातील साखरेची तपासणी

वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे गरोदरपणात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि काही स्त्रियांची रक्तशर्करा वाढते. भारतातील सरकारी दवाखान्यांत पहिल्याच भेटीत, आणि तेव्हा साखर ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा, ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिली पाण्यात विरघळवून पाजतात. या पद्धतीत उपाशीपोटी येण्याची गरज नसते. पाणी पाच-दहा मिनिटांत संपवायचे. लिंबू पिळल्यास मळमळ कमी होते. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर चाचणी दुसऱ्या दिवशी नव्याने करतात. पुढचे दोन तास काही न खाता बसून राहायचे. काही प्रयोगशाळा मात्र रात्रभर उपाशी ठेवून तीनदा रक्त घेतात, म्हणून आधी विचारलेले बरे.

दोन तासांनी साखर १४० किंवा अधिक आली, तर निदान होते. समजा, १५२ आली. सुरुवात बहुधा आहारापासूनच होते. भात बंद करायचा नसतो. ताटभर भाताऐवजी एक वाटी, सोबत मटकीची उसळ आणि पालेभाजी. साखरेचा चहा आणि फळांचा रस सुटतो, गूळही साखरच. तीन जेवणांमध्ये छोटी खाणी येतात. उपास मात्र टाळायचा. दोन आठवड्यांनी जेवणानंतरची साखर १२० च्या खाली आली नाही, तर डॉक्टर औषध किंवा इन्सुलिन सुरू करतात.