शेतातली हवा, रस्त्यावरची हवा

उसाच्या पट्ट्यात एकाच ट्रॅक्टरला वर्षभरात दोन अगदी वेगळी कामं करावी लागतात. उन्हाळ्यात तो काळ्या रानात पल्टी नांगर ओढतो आणि दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झालं की तोच ट्रॉली घेऊन कारखान्याच्या रस्त्याला लागतो. नांगर सोडून ट्रॉली जोडली जाते, पण मागच्या टायरमधली हवा आणि पाणी बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षं तसंच राहतं. रानाला जे हवं ते रस्त्याला नको असतं आणि रस्त्याला जे हवं ते रानाला नको असतं. त्यामुळे एकदा भरून विसरून जाण्याची किंमत कुठे ना कुठे मोजावी लागतेच, कधी डिझेलमध्ये, कधी टायरमध्ये, कधी जमिनीत.

आधी नांगरटीचं बघू. नांगर ओढायची ताकद इंजिनात असून भागत नाही, ती चाकातून मातीत उतरावी लागते. चाकावर पुरेसं वजन नसेल तर टायरचे दात माती धरत नाहीत, माती कापून मागे फेकतात. चाक फिरतं, मीटरवर तास वाढतात, रान मात्र उरकत नाही. थोडं घसरणं अटळ आहे आणि गरजेचंही आहे, कारण माती थोडी सरकल्याशिवाय तिची पकड मिळतच नाही. मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरला नांगरताना 10 ते 15 टक्के घसरण योग्य मानतात. त्याहून जास्त म्हणजे डिझेल मातीत. आठ टक्क्यांच्याही खाली गेली, तर ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन आहे असं समजावं. तेव्हा जोर बसला की चाक सुटत नाही आणि सगळा ताण गिअर, क्राऊन आणि धुऱ्यावर येतो.

ही घसरण मोजायला खडू आणि टेप पुरतो. मागच्या टायरच्या बाजूला खडूने रेघ मारायची आणि ती रेघ जिथे जमिनीला लागते तिथे खुंटी ठोकायची. नांगर जमिनीत घालून, नेहमीच्या गिअरमध्ये आणि नेहमीच्या खोलीवर, चाकाचे बरोबर दहा फेरे होऊ द्यायचे. दुसरी खुंटी ठोकून अंतर मोजायचं. मग त्याच रानात नांगर उचलून पुन्हा दहा फेरे. समजा 50 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे आणि मागे 14.9-28 चे टायर आहेत. नांगर उचललेला असताना दहा फेऱ्यांत तो 40.5 मीटर गेला आणि नांगर लावल्यावर फक्त 32 मीटर. साडेआठ मीटर हरवले, म्हणजे 21 टक्के घसरण. पाच फेऱ्यांपैकी एक फेरा फुकट.

मोजायचं नसेल तर चाकामागची माती बघावी. दातांचे ठसे पुसून जाऊन नुसता भुगा दिसला तर घसरण जास्त आहे. प्रत्येक दाताचा ठसा साच्यातून काढल्यासारखा रेखीव उमटला तर वजन जास्त आहे. ठशाचा मधला भाग कळतो पण कडा ढासळलेल्या आहेत, असं दिसलं की काम बरोबर चाललंय.

आपल्या उदाहरणातल्या ट्रॅक्टरला वजन वाढवायला हवं. चाकाला बोल्टने बसवायची बिडाची वजनं मिळतात, पण स्वस्तातला उपाय म्हणजे टायरमध्ये पाणी. थंड मुलुखात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. आपल्याकडे ट्यूबच्या टायरला साधं पाणी चालतं. चाक जॅकवर घेऊन व्हॉल्व अगदी वरच्या बाजूला येईल असं फिरवायचं, व्हॉल्वची आतली पिन काढायची आणि पाइप लावायचा. आतली हवा बाहेर पडायला वाट लागते, म्हणून एकतर त्यासाठीचं खास नोजल वापरतात किंवा मधूनमधून पाइप काढून हवा सोडतात. व्हॉल्वमधून पाणी बाहेर यायला लागलं की टायर साधारण 75 टक्के भरला. तिथेच थांबायचं. वरचा पाव भाग हवेसाठी ठेवलाच पाहिजे. धक्का झेलायला तेवढीच हवा उरते आणि पाणी काही दबत नाही. मग पिन बसवून हवा मारायची. या मापाच्या एका टायरमध्ये अंदाजे 190 लिटर पाणी मावतं, म्हणजे दोन्ही मिळून 380 किलो वजन थेट मागच्या चाकांवर. आता तीच खडूची चाचणी केली आणि दहा फेऱ्यांत साडेपस्तीस मीटर निघाले, तर घसरण 12 टक्क्यांवर आली. चाकाच्या तेवढ्याच फेऱ्यांत रान अकरा टक्के जास्त उरकलं.

हेच पाणी रोटाव्हेटरच्या कामात मात्र निव्वळ ओझं आहे. रोटाव्हेटरची पाती पीटीओवर फिरतात आणि ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. तिथे मागच्या चाकांना ओढायचं फारसं नसतंच. भुसभुशीत रानात ते 380 किलो फक्त माती दाबतात. पाणी भरलंय म्हणून सगळ्या कामांना चांगलं, हा समज चुकीचा आहे. वर्षातली मोठी कामं रोटाव्हेटर आणि पेरणी असतील तर टायर कोरडे ठेवलेले बरे.

आता हवा. टायर जमिनीवर किती दाब देतो, ते जवळपास आतल्या हवेवरच ठरतं. हवा कमी केली की टायर थोडा पसरतो, जास्त दात जमिनीला लागतात, पकड वाढते आणि वरच्या थरातली माती कमी दाबली जाते. ट्यूबच्या नेहमीच्या नायलॉन टायरला मागे शेतात 12 ते 14 पौंड हवा साधारणपणे सांगितली जाते. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतला आकडा वेगळा असेल तर तोच खरा. पंक्चरच्या दुकानात मात्र सरसकट पंचवीस-तीस पौंड मारून देतात आणि तसाच ट्रॅक्टर नांगराला जातो. टायर फुगून गोल होतो, मधलेच दात जमिनीला लागतात, घसरण वाढते आणि दोष इंजिनाला दिला जातो. वजन वाढवण्याआधी हवा तपासावी, हे मी मुद्दाम सांगतो. कित्येकदा पाण्याची गरजच उरत नाही.

हवा वाटेल तितकी उतरवूनही चालत नाही. हवा फारच कमी असेल आणि नांगराचा जोर आला तर टायर रिमवर सरकतो, आतली ट्यूब त्याच्यासोबत फिरते आणि व्हॉल्व मुळापासून फाटतो. यावर लक्ष ठेवायला टायर आणि रिम दोन्हींवरून जाणारी रंगाची एक रेघ मारून ठेवावी. काही दिवसांनी रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले तर हवा लगेच वाढवावी.

आणखी एक गोष्ट. हवा कमी केल्याने वरची माती वाचते, खोलवरची नाही. एक-दीड फूट खाली जो टणक थर तयार होतो, तो धुऱ्यावरच्या एकूण वजनाने होतो. वाफसा नसताना ओल्या काळ्या रानात पाणी भरलेला ट्रॅक्टर घातला तर टायरमध्ये कितीही कमी हवा असो, खाली दाब पोचतोच.

रस्त्यावर आलं की सगळा हिशेब उलटतो. नांगरताना ट्रॅक्टर ताशी पाच किलोमीटरने चालतो, तेव्हा मागचं चाक मिनिटाला वीस-एकवीस फेरे घेतं. रस्त्यावर ताशी 30 च्या वेगाला तेच चाक सव्वाशे फेरे घेतं आणि प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू एकदा दबून पुन्हा सरळ होते. बारा पौंडावर ती जास्त वाकते, रबर आणि आतले धागे तापतात आणि काही दिवसांत बाजूवर बारीक भेगा दिसू लागतात. डांबरावर माती नसते, सगळा भार दातांच्या टोकांवर येतो. कमी हवेत दोन्ही कडांचे दात आधी झिजतात, जास्त हवेत मधले. म्हणून ट्रॉली ओढताना मागच्या टायरला 18 ते 20 पौंडांच्या आसपास हवा लागते. टायरच्या बाजूवर आकड्यांसोबत ए6 किंवा ए8 असं लिहिलेलं असतं. ए6 म्हणजे ताशी 30 किलोमीटरपर्यंत, ए8 म्हणजे 40 पर्यंत. तो टायर पूर्ण भार त्या वेगापर्यंतच पेलतो.

पाण्याचं काय करायचं, हा खरा पेच आहे. भरलेला टायर कडक होतो, खड्ड्यात आपटतो आणि ब्रेक दाबल्यावर तेवढं जास्त वजन थांबवावं लागतं. पण उसाची ट्रॉली आधी फडातून बाहेर काढायची असते, पाचटावरून आणि पाटाच्या पाण्याने भिजलेल्या चरातून. तिथे पकड नसेल तर ट्रॅक्टर रुततो, म्हणून वाहतुकीचे ड्रायव्हर टायरमधलं पाणी सोडायला तयार नसतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण ते मागच्या चाकांपुरतंच. दोन चाकी ट्रॉलीचा काही भार हुकावर येतो, मागची चाकं त्याने आपोआप दबतात आणि पुढची हलकी होतात. त्यात पाण्याचं वजन मागे. चढावर किंवा फडाच्या बांधावरून चढताना ट्रॅक्टर पुढून उचलतो, स्टिअरिंग फिरतं पण ट्रॅक्टर वळत नाही. हुक ठरलेल्या जागेपेक्षा वर लावला असेल तर ट्रॅक्टर मागे उलटूही शकतो. म्हणून दोन चाकी ट्रॉली असेल तर वजन आधी पुढे, बंपरवर वाढवावं, मागे नव्हे. चार चाकी ट्रॉलीचा भार हुकावर येत नाही. तिथे पकडीसाठी मागे पाणी ठेवण्यात अर्थ आहे, मात्र वेग कमी ठेवावा लागतो.

याची खात्री वजनकाट्यावर करता येते. आधी पूर्ण ट्रॅक्टर काट्यावर घ्यायचा, मग फक्त मागची चाकं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पुढच्या धुऱ्यावरचं वजन. समजा ड्रायव्हरसकट एकूण 2150 किलो भरले आणि मागे 1350, तर पुढे 800 राहिले. आता उचललेला 380 किलोचा पल्टी नांगर मागे लटकला की पुढचे सुमारे दोनशे किलो कमी होतात. 2530 किलोंपैकी पुढे 590 च्या आसपास उरतात, म्हणजे तेवीस टक्के. वीस टक्क्यांच्या खाली गेलं तर पुढची चाकं स्टिअरिंगला दाद देत नाहीत. भरलेली ट्रॉली जोडूनही हेच बघावं, पुढची चाकं काट्याच्या बाहेर आणि मागची काट्यावर ठेवून.

पाणी रोज काढता-भरता येत नाही, म्हणून ते हंगामाप्रमाणे ठरवावं. हवा मात्र नांगर सोडून ट्रॉली जोडतानाच वाढवायला हवी आणि परत रानात जाताना उतरवायला हवी. उतरवणं मिनिटांचं काम आहे. चढवण्यासाठी गावातला कॉम्प्रेसर किंवा ट्रॅक्टरवरचा छोटा पंप लागतो. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी, कारण रस्त्यावरून आल्यावर तापलेला टायर जास्त दाखवतो आणि तो आकडा बघून हवा सोडली तर सकाळी टायर खाली बसलेला असतो. पाणी भरलेला असेल तर व्हॉल्व वर आणूनच गेज लावावा. तो खाली असेल तर पाण्याच्या उंचीमुळे गेज पौंड-दोन पौंड जास्त दाखवतो आणि पाणी शिरून गेजही खराब होतो.

एवढं सगळं ट्रॅक्टरच्या टायरचं झालं. पण फडात शिरणाऱ्या ट्रॉलीला ट्रकचे टायर असतात आणि त्यात ट्रॅक्टरच्या मागच्या टायरच्या कित्येक पट हवा असते. जमिनीवर सर्वांत जास्त दाब त्यांचाच येतो. खोडव्याच्या ज्या ओळींवरून भरलेली ट्रॉली गेली, त्या ओळींत पुढच्या वर्षी फुटवे विरळ दिसतात. म्हणून रिकामी आणि भरलेली ट्रॉली एकाच ठरलेल्या वाटेने नेऊन त्या दोन-चार ओळीच खराब होऊ द्याव्यात, आणि लागणीच्या वेळी ती वाट मोकळी सोडता आली तर तेही करावं.