दोन चाचण्या निगेटिव्ह, तरी विषाणूचा माग

वैद्यकीय परीक्षेत हमखास येणारा एक प्रश्न पाहा. तिशीतल्या रुग्णाला चार महिन्यांपूर्वी कावीळ झाली होती. आता तो बरा होत आला आहे. रक्त तपासले तर एचबीएस अँटिजेन निगेटिव्ह आणि त्याविरुद्धचे अँटी-एचबीएसही निगेटिव्ह. घाईत विद्यार्थी लिहून मोकळा होतो : ‘हिपॅटायटिस बी नाही.’ इथेच गुण जातात.

एचबीएस अँटिजेन हे विषाणूच्या बाहेरच्या आवरणातले प्रथिन. ते रक्तात सापडले, तर संसर्ग चालू आहे. सहा महिन्यांहून अधिक टिकले, तर तो जुनाट. रुग्ण बरा होताना हे प्रथिन आधी रक्तातून नाहीसे होते आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे काही आठवड्यांनी दिसू लागतात. मधल्या काळात दोन्ही चाचण्या कोऱ्या येतात. याला ‘विंडो पिरियड’ म्हणतात.

तेव्हा विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे अँटी-एचबीसी, पाहावीत. आपल्या रुग्णात त्यांचा आयजीएम प्रकार पॉझिटिव्ह आहे. म्हणजे संसर्ग अलीकडचा. फक्त आयजीजी असते, तर बहुधा तो जुना असता. मात्र जुनाट आजार उफाळला, तरी आयजीएम दिसू शकते. म्हणून आधीचा इतिहास विचारावाच.

लसीत गाभ्याचे प्रथिन नसते. त्यामुळे लस घेतलेल्यात फक्त अँटी-एचबीएस सापडते, तर संसर्गातून बरे झालेल्यात सहसा अँटी-एचबीसीही. म्हणून तिन्ही चाचण्या एकत्र वाचाव्यात, मगच निदान लिहावे.